प्लेटवरच्या कॉलन्या काय सांगतात

जनुक-क्लोनिंगच्या प्रयोगशाळेत सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं की सगळ्यांची नजर आधी प्लेटवर जाते. अगारच्या पिवळसर थरावर १२० पांढरट ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका ही जिवाणूंची एक कॉलनी असते, एकाच पेशीपासून रात्रभरात वाढलेली. १२० हा आकडा चांगला की वाईट? नुसत्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. त्या प्लेटवर डीएनए किती गेला होता आणि शेजारच्या प्लेट काय म्हणतात, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

एक प्रयोग घेऊन हे पाहू. प्रशांत महासागरात एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाचा जेलीफिश सापडतो. त्याच्यात हिरवा चमकणारा एक प्रथिन-रेणू असतो, जीएफपी. त्याचं जनुक सुमारे ७२० अक्षरजोड्यांचं आहे. ते ई. कोलाय या जिवाणूत पोहोचवायचं, तर आधी एखाद्या प्लाझ्मिडमध्ये बसवावं लागतं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूत स्वतंत्रपणे राहणारं डीएनएचं छोटं वर्तुळ. आपण पीयूसी१९ घेऊ. ते २,६८६ जोड्यांचं आहे, पण हिशेबाला २,७०० धरलं तरी चालतं. त्यात अँपिसिलिनला दाद न देणारं एक जनुक असतं, म्हणून अँपिसिलिन घातलेल्या प्लेटवर ज्यांच्यात हे वर्तुळ शिरलं त्याच पेशी वाढतात. प्रयोगशाळेत वर्तुळाला व्हेक्टर म्हणतात आणि त्यात बसवायच्या तुकड्याला इन्सर्ट. ईकोआरआय आणि हिंडथ्री ही दोन विकरं व्हेक्टरला दोन ठिकाणी कापतात. इन्सर्टची टोकंही त्यांनीच कापलेली असतात. मग लायगेज नावाचं विकर ही टोकं सांधतं.

आता पहिला प्रश्न येतो, की इन्सर्ट किती घालायचा. व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम घ्यायचा असं ठरलेलं असतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नवखा विद्यार्थी बहुधा इन्सर्टही ५० नॅनोग्रॅम घालतो, कारण समान वजन त्याला न्याय्य वाटतं. पण लायगेजला वजन कळत नाही, त्याच्यासमोर टोकं असतात. म्हणून मोजायचे ते रेणू. पाव किलो मोहरीत आणि पाव किलो हरभऱ्यात दाणे सारखे भरत नाहीत, तसंच हे आहे. लांब रेणू जड असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्याची संख्या कमी भरते. डीएनएच्या बाबतीत सोय अशी, की रेणूचं वजन त्याच्या लांबीच्या प्रमाणात असतं. त्यामुळे सूत्र सोपं होतं:

इन्सर्टचं वजन = व्हेक्टरचं वजन × (इन्सर्टची लांबी ÷ व्हेक्टरची लांबी) × हवं ते गुणोत्तर

एका व्हेक्टरमागे तीन इन्सर्ट हे नेहमीचं गुणोत्तर आहे. ५० ला ७२० ने गुणून २,७०० ने भागलं की १३.३ येतात. त्याच्या तिप्पट म्हणजे ४० नॅनोग्रॅम. इथे वजनं जवळजवळ सारखी आहेत, म्हणून समान वजनाची चूक लपून जाते. पण इन्सर्ट ८,१०० जोड्यांचा असेल तर तीनास एक हे गुणोत्तर गाठायला ४५० नॅनोग्रॅम लागतील. ज्याने ५० घातले त्याच्याकडे तीन व्हेक्टरमागे एकच इन्सर्ट असेल आणि प्लेट का रिकामी राहिली, हे त्याला कळणार नाही. प्रत्यक्ष संख्याच हवी असेल तर एका अक्षरजोडीचं सरासरी वजन ६५० डाल्टन धरतात. त्या हिशेबाने ५० नॅनोग्रॅम व्हेक्टरमध्ये सुमारे १,७०० कोटी रेणू भरतात आणि त्यांच्यासाठी आपण ५,१०० कोटी इन्सर्ट घालतो.

मग तीनच का, तीस का नाहीत? सांधणी दोन टप्प्यांत होते. आधी इन्सर्टचं एक टोक व्हेक्टरच्या एका टोकाला जुळतं. मग त्याच इन्सर्टचं दुसरं टोक वळून व्हेक्टरच्या दुसऱ्या टोकाशी जुळलं की वर्तुळ पूर्ण होतं. इन्सर्ट फार कमी असेल तर पहिला टप्पाच रखडतो. फार जास्त असेल तर व्हेक्टरच्या दोन्ही टोकांना दोन वेगवेगळे इन्सर्ट येऊन चिकटतात. अशा रेणूची जी दोन टोकं मोकळी राहतात, त्यातलं एक ईकोआरआयचं आणि दुसरं हिंडथ्रीचं असतं, त्यामुळे ती एकमेकांना जुळतच नाहीत. वर्तुळ बंद होत नाही, आणि लांबट उघडा डीएनए ई. कोलायमध्ये फारसा टिकत नाही. म्हणूनच एकास एकपासून एकास दहापर्यंतची गुणोत्तरं वापरात असली तरी सुरुवात तिनापासून करणं शहाणपणाचं.

या सगळ्या हिशेबाचा पाया म्हणजे डीएनएचं मोजलेलं प्रमाण, आणि तोच पुष्कळदा डळमळीत असतो. प्रकाश शोषून मोजणारं यंत्र डीएनए आणि आरएनए यांत फरक करत नाही. जेलमधून कापून काढलेल्या तुकड्यात शुद्धीकरणाचे क्षार उरले, तरी वाचन बिघडतं. यंत्राने ४० म्हटलं आणि खरे १५ असतील, तर आपलं तीनास एक हे प्रत्यक्षात जेमतेम एकास एक असतं. शंका आली तर दोन्ही नमुने जेलवर ज्ञात वजनाच्या पट्ट्यांशेजारी धावडवून डोळ्यांनी ताडून पाहावेत.

आता दुसरा प्रश्न. सांधलेला डीएनए पेशींत शिरवायला त्या आधी तयार कराव्या लागतात. मँडेल आणि हिगा यांनी १९७० मध्ये दाखवलं, की कॅल्शियम क्लोराइडमध्ये थंड ठेवलेले ई. कोलाय डीएनए आत घेतात. आजही तीच वाट आहे: बर्फावर डीएनए मिसळायचा, ४२ अंशांवर अर्धा-पाऊण मिनिट झटका द्यायचा, पोषक द्रवात ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, मग प्लेटवर पसरायचं. अशा पेशी किती चांगल्या, हे त्यांच्या कार्यक्षमतेवरून ठरतं. एक मायक्रोग्रॅम डीएनएमागे किती कॉलन्या येतील, तो हा आकडा.

तो काढायला न कापलेलं, शाबूत पीयूसी१९ घेतात. समजा १०० पिकोग्रॅम घेतलं. पिकोग्रॅम हा नॅनोग्रॅमचा हजारावा भाग. पेशी ५० मायक्रोलिटर आणि पोषक द्रव ९५० मायक्रोलिटर, म्हणजे एकूण एक मिलिलिटर. ते दहापट पातळ केलं आणि त्यातले १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरले. सकाळी १५० कॉलन्या आल्या. आता प्लेटवर डीएनए किती होता? पातळ केल्याने एक दशांश झाला आणि त्यातल्याही एक दशांश द्रवच पसरला, म्हणजे १०० पिकोग्रॅममधला फक्त एक पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅमला १५०, तर एका मायक्रोग्रॅमला १५ कोटी. हे दोन दशांश विसरून १५० ला थेट १०० पिकोग्रॅमने भागणारे पुष्कळ असतात. त्यांचं उत्तर १५ लाख येतं, शंभरपट कमी, आणि चांगल्या पेशी टाकून दिल्या जातात.

१५ कोटी ऐकायला प्रचंड वाटतात, पण एका मायक्रोग्रॅममध्ये पीयूसी१९ चे सुमारे ३४,५०० कोटी रेणू असतात. म्हणजे साधारण २,३०० रेणूंपैकी एकच कॉलनी उभी करतो. डीएनए वाढवत नेला तरी कॉलन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. डीएनए घेऊ शकणाऱ्या पेशीच मोजक्या असतात, त्या संपतात. म्हणून कार्यक्षमता मोजताना डीएनए पिकोग्रॅममध्येच ठेवायचा. दहा नॅनोग्रॅम घालून काढलेला आकडा पेशींना विनाकारण बदनाम करतो. उलट ३७ अंशांवर तासाऐवजी दोन-तीन तास ठेवलं, तर आत डीएनए घेतलेल्या पेशी दुणावतात आणि आकडा खोटा फुगतो.

आता पहिल्या प्लेटकडे परत येऊ. सांधणीचं मिश्रण २० मायक्रोलिटर होतं, त्यात व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम. त्यातले २ मायक्रोलिटर पेशींना दिले, म्हणजे ५ नॅनोग्रॅम. एक मिलिलिटरमधले १०० मायक्रोलिटर पसरले, म्हणून प्लेटवर अर्धा नॅनोग्रॅम. त्याच्या १२० कॉलन्या म्हणजे मायक्रोग्रॅमला २ लाख ४० हजार. शाबूत प्लाझ्मिडपेक्षा हे ६२५ पट कमी आहे, तरी घाबरायचं कारण नाही. बहुतेक व्हेक्टर सांधलेच जात नाहीत, जे सांधले जातात ते शाबूत प्लाझ्मिडसारखे घट्ट पिळलेले नसतात, आणि मिश्रणातलं लायगेज व क्षारही आड येतात.

या १२० मध्ये जीएफपी कितींत आहे, हे सांगतात कंट्रोल प्लेट. कापलेला व्हेक्टर इन्सर्ट आणि लायगेजशिवाय दिला, तर ४ कॉलन्या आल्या. तो अजिबात न कापला गेलेला व्हेक्टर. इन्सर्टशिवाय पण लायगेजसह दिला, तर ३० आल्या. म्हणजे सुमारे २६ व्हेक्टर एकाच विकराने कापले गेले होते आणि लायगेजने ते पुन्हा बंद केले. जेलवर ते वेगळे काढता येत नाहीत. दोन काप एकमेकांपासून जेमतेम ५० जोड्यांवर आहेत, त्यामुळे एकदा कापलेला आणि दोनदा कापलेला व्हेक्टर एकाच पट्टीत धावतात. डीएनए न दिलेल्या पेशींची प्लेट रिकामी राहिली, म्हणजे अँपिसिलिन नीट काम करतंय. १२० मधून ३० वजा केल्या की ९० उरतात, म्हणजे चारांतल्या तीन कॉलन्यांत इन्सर्ट असावा. आकडे थोडे हलतात. आज ३० आल्या तिथे उद्या २५ किंवा ३५ येणं अगदी स्वाभाविक आहे. तरी अंदाज पक्का राहतो: चार कॉलन्या उचलल्या तर चारही निकामी निघण्याची शक्यता २५६ मध्ये एक.

लायगेजसह आलेली व्हेक्टरची प्लेट १०० दाखवत असती, तर त्याच १२० कॉलन्यांचा अर्थ पालटला असता. तेव्हा चाळीस कॉलन्या तपासण्यापेक्षा व्हेक्टर पुन्हा नीट कापणं स्वस्त पडतं. आणि इन्सर्टची प्लेट पूर्ण रिकामी असेल, तर आधी पीयूसी१९ ची प्लेट पाहावी. तिथे १५० असतील तर दोष सांधणीत आहे. तीही रिकामी असेल तर पेशी मेल्या आहेत किंवा प्लेटमध्ये चुकीचं औषध आहे, आणि सांधणीचं मिश्रण जपून ठेवावं, ते बहुधा चांगलंच असतं.

मोजताना एक पथ्य पाळावं. प्लेट वीस-बावीस तास राहिली की मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपक्यांचं वलय येतं. मोठी कॉलनी अँपिसिलिन नष्ट करणारं विकर बाहेर सोडते आणि त्या आडोशाला प्लाझ्मिड नसलेल्या पेशी वाढतात. ते ठिपके मोजू नयेत, उचलूही नयेत. सोळा-अठरा तासांत प्लेट बाहेर काढून मोजलेली बरी.

शाबूत प्लाझ्मिडची कंट्रोल प्लेट पुष्कळ ठिकाणी वाचवलेला खर्च म्हणून गाळली जाते. तिला लागतो १०० पिकोग्रॅम डीएनए आणि ५० मायक्रोलिटर पेशी. क्लोनिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे की ती प्लेट दर वेळी लावा, आणि कॉलन्यांचा आकडा वहीत लिहिताना त्याच ओळीत प्लेटवर गेलेला डीएनएही लिहा.