८०० फुटांचा गोठा, ११३७ फुटांचा पत्रा

२० फूट रुंद आणि ४० फूट लांब गोठा घालायचा म्हटलं की जमिनीचा हिशेब कुणीही बसल्या बसल्या करतो. ८०० चौरस फूट, म्हणजे ८ ब्रास. वरचा पत्रा याहून थोडा जास्त लागेल, असं धरून शेतकरी पैशांची जुळवाजुळव करतो. मग फॅब्रिकेटरच्या यादीत ११३७ चौरस फूट पत्रा दिसतो आणि पहिला संशय त्या फॅब्रिकेटरवरच येतो.

पण हा आकडा बरोबर असू शकतो. वरचे ३३७ चौरस फूट तीन ठिकाणी जातात: भिंतीबाहेर काढलेल्या वळचणीत, छपराच्या उतारात आणि पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडात. तिन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडता येतो आणि त्याला शाळेतल्या गणितापलीकडचं काही लागत नाही.

सुरुवात उतारापासून केलेली बरी, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते. छप्पर दुपाखी असेल तर आढं मधोमध येतं आणि २० फुटांचा गाळा दोन्हीकडे १०-१० फुटांत विभागला जातो. वाशाच्या हिशेबात धरायची ती ही १० फूट आडवी धाव, पूर्ण २० फूट नव्हे. या १० फुटांत आढं भिंतीच्या माथ्यापासून किती उंच न्यायचं, ती चढाई. ‘१ ला अडीच’ उतार म्हणजे अडीच फूट आडवं गेल्यावर १ फूट वर. त्या हिशेबानं १० फुटांच्या धावेला आढं ४ फूट वर जातं.

आता धाव, चढाई आणि वासा यांचा काटकोन त्रिकोण झाला. वासा हा त्याचा कर्ण. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त भुज, कोटी आणि कर्ण यांचा जो हिशेब शिकवला, तोच इथे लागतो. १० चा वर्ग १००, ४ चा वर्ग १६, बेरीज ११६ आणि तिचं वर्गमूळ १०.७७. म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून आढ्याच्या मध्यापर्यंत वासा १० फूट सव्वानऊ इंच.

गफलत होते ती ‘१ ला ४’सारखा उतार तोंडी सांगताना. सांगणाऱ्याच्या मनात धावेचा चौथा भाग असतो, म्हणजे १० फुटांना अडीच फूट चढाई. ऐकणारा पूर्ण गाळ्याचा चौथा भाग धरतो, म्हणजे ५ फूट. जुन्या पद्धतीत चढाई पूर्ण गाळ्याच्या हिश्शात सांगायची रीत असल्यानं दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मात्र पहिल्या अर्थानं वासा १० फूट पावणेचार इंच भरतो आणि दुसऱ्या अर्थानं ११ फूट २ इंच. एका वाशात साडेदहा इंचांचा फरक. म्हणून कामाच्या कागदावर उतार लिहिला तरी शेजारी ‘आढं भिंतीपासून ४ फूट वर’ असं सरळ लिहून ठेवावं. त्या वाक्याचे दोन अर्थ निघत नाहीत.

आता वळचण. पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून पाखं दीड फूट बाहेर काढायचं ठरलं. हे दीड फूट जमिनीवर टेप धरून मोजलेलं आडवं अंतर आहे, तर वासा तिरका जातो. तिरक्या अंगानं तेवढीच वळचण १ फूट साडेसात इंचांच्या आसपास भरते. वाशात नुसता दीड फूट मिळवला तर वळचण इंचभर आखूड राहते. एकूण वासा १२.३९ फूट, म्हणजे १२ फूट साडेचार इंचांहून किंचित जास्त.

वळचण जास्त काढली तर भिंत जास्त कोरडी राहील, हे खरं. पण खालून वारा शिरला की तोच बाहेर आलेला भाग आधी उचलला जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणात असंख्य घरांचे आणि गोठ्यांचे पत्रे उडाले. वळचण वाढवायची तर शेवटच्या ओळीत पत्र्याची पकडही वाढवावी लागते.

वाशाची लांबी दरवेळी वर्गमुळानं काढायची गरज नाही. १ ला अडीच उताराला धावेच्या दर फुटामागे वासा १.०७७ फूट भरतो, मग धाव १० फूट असो की ३०. हा गुणक फक्त उतारावर ठरतो. १ ला ३ उताराला तो १.०५४ आहे, १ ला २ उताराला १.११८ आणि ४५ अंशांच्या उभ्या छपराला १.४१४. वळचणीसकट धाव साडेअकरा फूट झाली, तिला १.०७७ नं गुणलं की तेच १२.३९ फूट येतात.

याच गुणकानं क्षेत्रफळही निघतं. छपराची सावली जमिनीवर सरळ खाली पडली असं धरलं, तर तिची रुंदी दोन्ही वळचणी मिळून २३ फूट. त्रिकोणी बाजूंना फूट-फूट पत्रा बाहेर काढला तर लांबी ४२ फूट. सावली झाली ९६६ चौरस फूट आणि १.०७७ नं गुणल्यावर छपराचा खरा पृष्ठभाग १०४० चौरस फूट. म्हणजे वरच्या ३३७ पैकी १६६ फूट बाहेर काढलेल्या कडांनी घेतले आणि उतारानं फक्त ७४. छप्पर उंच केल्यामुळे पत्रा वाढला, असं अनेकांना वाटतं. इथे मात्र कडांनी उताराच्या दुपटीहून जास्त पत्रा खाल्ला आहे.

यातून आणखी एक गोष्ट कळते. हाच गोठा त्याच उताराचा आणि त्याच कडांचा पण एकपाखी केला, तरी पृष्ठभाग १०४० फूटच राहतो, कारण सावलीही तीच आणि गुणकही तोच. बदलते ती उंची. धाव २० फूट झाल्यामुळे एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा ८ फूट वर न्यावी लागते आणि मधल्या आधाराविना तेवढ्या लांबीचा वासा वाकतो. म्हणून रुंद गोठे सहसा दुपाखी असतात.

उरलेले ९७ चौरस फूट जोडात जातात. नेहमीचा रंगीत नालीदार पत्रा साधारण साडेतीन फूट रुंद येतो, पण शेजारच्या पत्र्यावर त्याची कड चढवली की प्रत्यक्ष झाकली जाणारी रुंदी सव्वातीन फूट उरते. कंपनी आणि नक्षी बदलली की हे माप बदलतं, त्यामुळे दुकानात दोन पत्रे एकमेकांवर ठेवून टेप लावलेली चांगली. ४२ फुटांना सव्वातीननं भागलं की १२.९ येतात, म्हणजे एका पाख्याला १३ पत्रे आणि दोन्हींना २६. पत्रा चौरस फुटांत विकत घेतला तरी छपरावर तो नगानंच बसतो, म्हणून शेवटचा हिशेब नगांतच करावा लागतो. साडेबारा फुटी २६ पत्रे, प्रत्येकाची रुंदी साडेतीन फूट: ११३७.५ चौरस फूट.

साडेबारा फूट का? वासा १२ फूट साडेचार इंचांच्या वर आहे आणि पत्र्याचं टोक पन्हळीत थोडं पुढे यायला हवं. रंगीत पत्रा हव्या त्या लांबीत कापून मिळतो, तेव्हा अडचण येत नाही. साध्या जस्ती पत्र्याच्या तयार लांब्या ८, १०, १२ फूट अशा असतात आणि १२ फुटी पत्रा इथे पाच इंच तोकडा पडतो. अशा वेळी दोन आखूड पत्रे लांबीत जोडायचे झाले तर वरचा पत्रा खालच्यावर किमान ६ इंच चढवावा लागतो. ७ फूट आणि ६ फूट असे दोन तुकडे मग साडेबारा फूट झाकतात. याशिवाय पाख्याच्या मध्ये एक आडवा जोड तयार होतो आणि गळतीची जागा वाढते.

दुसरी वाट म्हणजे मापच पत्र्याकडे पाहून ठरवायचं. उतार १ ला ३ केला आणि वळचण १ फूट ४ इंच ठेवली, तर धाव ११ फूट ४ इंच आणि पाख्याची लांबी ११ फूट साडेअकरा इंच होते. १२ फुटी अखंड पत्रा पुरतो आणि एकूण पत्रा १०९२ चौरस फुटांवर येतो. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे हा बदल सहज चालेल. सह्याद्रीच्या पश्चिमेला, वाऱ्याबरोबर आडवा पाऊस येतो तिथे, उतार कमी करून वाचवलेला पत्रा महागात पडू शकतो. उतार जितका कमी, तितकं पाणी जोडावर जास्त वेळ रेंगाळतं आणि वारा ते चढावाखाली उलटं ढकलतो. नालीदार पत्र्याचा उतार १० अंशांच्या खाली नेऊ नये, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १० अंश म्हणजे १० फुटांत जेमतेम २१ इंच चढाई.

उभ्या असलेल्या छपराचा उतार मोजायलाही वर चढावं लागत नाही. फूटभर लांबीची लेव्हल पट्टी आडवी धरून तिचं एक टोक वाशाच्या खालच्या बाजूला टेकवायचं आणि बुडबुडा मधोमध आणायचा. दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतचं उभं अंतर ४.८ इंच भरलं तर उतार १ ला अडीच, ४ इंच भरलं तर १ ला ३. शेजारच्या न गळणाऱ्या गोठ्याचा उतार असा मोजून घेता येतो.

हा सगळा हिशेब बांधकाम काटकोनात आहे असं धरून चालतो. २० बाय ४० च्या चौकटीचा कर्ण ४४ फूट साडेआठ इंचांच्या थोडा वर यायला हवा आणि दोन्ही कर्ण सारखे हवेत. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा पाच-सहा इंच मोठा निघाला, तर पहिला पत्रा सरळ बसतो आणि पुढचे हळूहळू तिरके जातात. वळचणीची कड पायऱ्यांसारखी दिसू लागते आणि शेवटचा पत्रा तिरका कापावा लागतो. खांबांचे खड्डे खणण्याआधी दोरी लावून कर्ण तपासले, तर ही दुरुस्ती फुकटात होते.

पत्र्याची ऑर्डर कैच्या उभ्या राहिल्यावर द्यावी. आढ्याच्या मध्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत टेप दोन्ही पाख्यांवर, दोन्ही टोकांना आणि मध्ये लावायचा. सहाही मापं १२ फूट ४ ते ५ इंचांच्या दरम्यान आली तर साडेबारा फुटी पत्रा बिनधास्त सांगावा. एखादं माप १२ फूट ७ इंच निघालं, तर लांब पत्रा मागवण्याआधी ती कैची सरळ करून घ्यावी.