पाठोपाठ बीजक पद्धत

पाठोपाठ बीजक पद्धत ही कंत्राटी कामाची देयके आकारण्याची एक पद्धत आहे. व्यवहारात ती बॅक-टू-बॅक बिलिंग या नावाने ओळखली जाते. या पद्धतीत उपकंत्राटदार केलेल्या कामाचे बीजक मुख्य कंत्राटदाराच्या नावे काढतो. मुख्य कंत्राटदार त्या रकमेत आपला नफा मिळवून त्याच कामाचे स्वतंत्र बीजक ग्राहकाच्या नावे काढतो.

## स्वरूप

या व्यवहारात दोन करार असतात. पहिला ग्राहक व मुख्य कंत्राटदार यांच्यात, तर दुसरा मुख्य कंत्राटदार व उपकंत्राटदार यांच्यात होतो. उपकंत्राटदारास बोलीभाषेत पोटठेकेदार म्हणतात. त्याचा ग्राहकाशी थेट करार नसल्यामुळे कामात दोष राहिल्यास ग्राहकाला मुख्य कंत्राटदारच जबाबदार असतो. नफ्याची रक्कम ही या जबाबदारीची व देखरेखीची किंमत मानली जाते.

ग्राहकाच्या वतीने केलेला खर्च जसाच्या तसा परत घेण्याची प्रतिपूर्ती याहून वेगळी आहे. रकमेत नफा मिळवला की तो व्यवहार मुख्य कंत्राटदाराचा स्वतःचा पुरवठा ठरतो आणि संपूर्ण रकमेवर वस्तू व सेवा कर लागतो.

## उदाहरण

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडी येथे एका दुकानमालकाने २०० चौरस मीटरचे पत्र्याचे पक्के गोदाम बांधण्यास दिले, असे समजू. उपकंत्राटदाराचा दर प्रति चौरस मीटर २,००० रुपये आहे. त्यावर १०% नफा घेण्याचे मुख्य कंत्राटदार व मालक यांच्यात ठरले आहे. कराचा दर १८% धरला आहे.

| तपशील | उपकंत्राटदाराचे बीजक (रुपये) | मुख्य कंत्राटदाराचे बीजक (रुपये) |
|---|---|---|
| कामाचे मूल्य | ४,००,००० | ४,४०,००० |
| कर | ७२,००० | ७९,२०० |
| एकूण | ४,७२,००० | ५,१९,२०० |

मुख्य कंत्राटदार ग्राहकाकडून ७९,२०० रुपये कर वसूल करतो. उपकंत्राटदाराला दिलेल्या ७२,००० रुपये कराची वजावट त्याला मिळते, म्हणून तो शासनाकडे उरलेले ७,२०० रुपये भरतो. हा आकडा ४०,००० रुपये नफ्याच्या १८% इतकाच आहे. म्हणजे या टप्प्यावर कराचा भार केवळ वाढीव मूल्यावर पडतो.

दुकानमालकाची स्थिती वेगळी असते. स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या स्थावर मालमत्तेवरील कराची वजावट कायद्याने नाकारली आहे. त्यामुळे मालक नोंदणीकृत व्यापारी असला तरी ७९,२०० रुपये त्याच्या खर्चातच जमा होतात.

## नेहमीची चूक

नफा उपकंत्राटदाराच्या करपूर्व मूल्यावर मोजावयाचा असतो. पुष्कळदा तो चुकून किंवा हेतुपुरस्सर बीजकाच्या एकूण रकमेवर मोजला जातो. वरील उदाहरणात ४,७२,००० रुपयांवर १०% नफा धरल्यास ५,१९,२०० रुपये होतात. त्यावर पुन्हा १८% कर लावला की मालकाचे देयक ६,१२,६५६ रुपयांवर जाते. मालकाला ९३,४५६ रुपये अधिक द्यावे लागतात. शिवाय मुख्य कंत्राटदार ७२,००० रुपये मालकाकडून मूल्य म्हणून वसूल करतो आणि तेच वजावट म्हणूनही घेतो.

ही चूक ओळखण्यासाठी देयकातील करपूर्व रकमेला मोजलेल्या क्षेत्रफळाने भागावे. योग्य देयकात हा दर प्रति चौरस मीटर २,२०० रुपये येतो, तर चुकीच्या देयकात तो २,५९६ रुपये येतो. खर्चावर नफा अशी अट असल्यास मालकाने उपकंत्राटदाराच्या बीजकाची प्रत देण्याची अट करारातच घालून घेणे हिताचे असते. याउलट करार ठरावीक दराचा असेल, तर मुख्य कंत्राटदाराला किती नफा राहिला याची चौकशी करण्याचे मालकाला कारण नसते. त्याने दर व मोजमाप एवढेच पडताळावे.

टक्केवारी कशावर मोजायची हेही करारात स्पष्ट असावे लागते. खर्चावरील १०% नफा हा विक्रीमूल्याच्या सुमारे ९.०९% असतो. विक्रीमूल्याच्या १०% नफा अभिप्रेत असल्यास करपूर्व देयक सुमारे ४,४४,४४४ रुपयांचे होते.

## मुदत व अडचणी

ग्राहकाकडून पैसे आल्यावरच उपकंत्राटदाराला देण्याची अट अशा करारांत अनेकदा असते. मात्र कराची मुदत त्यासाठी थांबत नाही. उपकंत्राटदाराने बीजक काढले की पैसे हाती आले नसले तरी त्या महिन्याच्या विवरणपत्रानुसार त्याला कर भरावा लागतो. ग्राहकाच्या दिरंगाईचा भार अशा रीतीने साखळीतील सर्वांत लहान घटकावर पडतो.

मुख्य कंत्राटदारालाही मर्यादा आहेत. बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांत उपकंत्राटदाराला कामाचे मूल्य व कर दिला नाही, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. नंतर पैसे दिल्यावर ती पुन्हा घेता येते. तसेच उपकंत्राटदाराने आपले बीजक विवरणपत्रात दाखवले नाही, तर ते मुख्य कंत्राटदाराच्या `GSTR-2B` या विवरणात दिसत नाही आणि वजावट मिळत नाही. म्हणून उपकंत्राटदाराचे पैसे चुकते करण्यापूर्वी बीजकाचा क्रमांक व कराची रक्कम या विवरणाशी जुळवून पाहण्याची प्रथा आहे.