एक्केचाळीस रुपयांचा हिशेब

झोमॅटोचा आयपीओ जुलै 2021 मध्ये 72 ते 76 रुपयांच्या पट्ट्यात आला. त्याच सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी आपले मूल्यांकन जाहीर केले: शेअरमागे सुमारे 41 रुपये. 23 जुलैला शेअर नोंदला गेला आणि पहिल्याच दिवशी 125 च्या पुढे बंद झाला. नोव्हेंबरात तो 169 ला टेकला. चाळीशीचा आकडा तोवर चेष्टेचा विषय झाला होता. नोंदणीनंतर एक वर्षाने, जुलै 2022 च्या शेवटच्या आठवड्यात, भाव 41 च्या आसपास उतरला तेव्हा तेच लोक प्राध्यापकांना भविष्यवेत्ते म्हणू लागले. पुढे डिसेंबर 2024 मध्ये शेअर 300 च्या घरात गेला, सेन्सेक्समध्ये शिरला, आणि 2025 मध्ये कंपनीने नावही बदलून ‘इटर्नल’ केले. मग पुन्हा चेष्टा सुरू.

या चार वर्षांत ते मूल्यांकन चुकले की जुळले हे प्रत्येकाने भावावरून ठरवले. आतल्या ओळी फारशा कोणी उघडून पाहिल्या नाहीत. जुलै 2022 मध्ये भाव पडला त्यामागची कारणेच पाहा. आयपीओपूर्वीच्या भागधारकांवरचे वर्षभराचे विक्रीबंधन 23 जुलैला संपले आणि विकायला मोकळे शेअर एकदम वाढले. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा वर्षभरात सव्वासहा टक्क्यांवरून सव्वासातच्या पुढे गेला होता. रोख प्रवाहाचे भाकीत खरे ठरले की खोटे, हे सांगण्याइतका काळच गेला नव्हता. 41 ला 41 भेटले, एवढेच.

म्हणून ओळी उघडू. दामोदरन यांची मांडणी वरून खाली येणारी होती. दहा वर्षांत भारतातली घरपोच जेवणाची बाजारपेठ 25 अब्ज डॉलरची होईल, त्यात झोमॅटोचा वाटा 40 टक्के, प्रत्येक ऑर्डरच्या रकमेतून कंपनीच्या हाती 22 टक्के, आणि त्या महसुलावर करपूर्व परिचालन नफा 35 टक्के. डॉलर 75 रुपयांना धरला तर 75,000 कोटींच्या ऑर्डर, 16,500 कोटी महसूल, 5,775 कोटी नफा आणि 25 टक्के कर वजा जाता साधारण 4,300 कोटी. 2020-21 मध्ये कंपनीचा महसूल 1,994 कोटी आणि तोटा 816 कोटी होता, हे लक्षात घेतले तर ही मांडणी निराशावादी म्हणता येत नाही.

आता 2024-25 चे आकडे शेजारी ठेवा. 2020-21 मध्ये 9,483 कोटींच्या ऑर्डर होत्या. चार वर्षांत जेवणाच्या ऑर्डरची रक्कम 38,000 कोटींच्या वर गेली. इथून 75,000 गाठायला सहा वर्षे दरसाल बारा टक्के पुरेत. म्हणजे ज्या ओळीवर सर्वाधिक वाद झाला, ती बाजारपेठ आणि वाट्याची ओळ अगदी रुळावर आहे. नफ्याची ओळ मात्र मागे आहे. महसुलाच्या 35 टक्के म्हणजे ऑर्डर-रकमेच्या 7.7 टक्के. मार्च 2025 च्या तिमाहीत जेवणाच्या व्यवसायाचा समायोजित एबिटा ऑर्डर-रकमेच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास होता, आणि त्यातही घसारा व कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च धरलेला नाही. चढ आहे, पण पोचलेले नाही. भाव 41 वरून सातपटीच्या वर गेला तरी मूळ धंद्याची ही ओळ अजून भाकिताच्या खालीच आहे, हे मला या सगळ्या मागोव्यातले सर्वात उद्बोधक वाटते.

दहाव्या वर्षाचा नफा मिळाला की बहुतेक अहवाल टर्मिनल व्हॅल्यूकडे धावतात. तिथे खरी गंमत आहे. पुढचे आकडे दामोदरन यांचे नाहीत, समजण्यापुरते मी धरले आहेत. अकराव्या वर्षाचा करोत्तर नफा 4,500 कोटी, भांडवलाचा खर्च 10 टक्के आणि कायमची वाढ 6 टक्के. सूत्र सर्वांना पाठ असते:

TV = FCF / (WACC − g)

नफा हाच रोख प्रवाह मानला तर 4,500 भागिले 0.04, म्हणजे 1,12,500 कोटी. दहा वर्षांनी मागे आणले की 43,400 कोटी. आयपीओनंतरच्या सुमारे 784 कोटी शेअरमध्ये वाटले की 55 रुपये. पण 6 टक्के कायम वाढायचे तर दरवर्षी नवे भांडवल घालावे लागते. किती, ते नव्या भांडवलावरच्या परताव्यावर ठरते. परतावा 20 टक्के असेल तर नफ्यातला 30 टक्के भाग परत धंद्यात जातो आणि मूल्य 39 रुपयांवर येते. परतावा 12 टक्केच असेल तर निम्मा नफा गुंतवणुकीत जातो आणि उरतात 28 रुपये. वाढ तीच, दर तोच, नफाही तोच, तरी किंमत निम्मी.

हा दोष तपासायला फार विद्या लागत नाही. अहवालाच्या तक्त्यात शेवटच्या वर्षाचा स्तंभ पाहायचा. तिथे भांडवली खर्च आणि घसारा समान असतील, खेळते भांडवल बदलत नसेल आणि खाली वाढीचा दर मात्र पाच-सहा टक्के लिहिलेला असेल, तर कंपनी फुकटात वाढते आहे असे समजायचे. इतक्या अहवालांत हे दिसते की शेवटचा स्तंभ आधी आणि कव्हरवरचा लक्ष्यभाव नंतर वाचायची मला सवय लागली आहे. दुसरी खूण वाढीच्या दराची. 2021 मध्ये सरकारी रोख्याचा परतावा सव्वासहा टक्के असताना सात-आठ टक्क्यांची कायमची वाढ धरणे म्हणजे एक दिवस ही कंपनी देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी होईल असे मानणे. आणि भांडवलाचा खर्च 10 ऐवजी 11 धरला की वरचे 39 रुपये 28 होतात. एका टक्क्याने अकरा रुपये जातात, म्हणून एकच लक्ष्यभाव देणारा अहवाल फार काही सांगत नाही.

पण झोमॅटोच्या बाबतीत मूल्यांकनाची खरी कसोटी टर्मिनल सूत्राने लागली नाही. ती जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या, झटपट किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटच्या खरेदीने लागली. सौदा 4,447 कोटींचा होता आणि पैशाऐवजी सुमारे 63 कोटी नवे शेअर देऊन झाला. फ्री कॅश फ्लोच्या तक्त्यात अशा खरेदीचा एक रुपयाही दिसत नाही, कारण बँकेतून काही गेलेलेच नसते. वाढते ती शेअरची संख्या. तुम्ही नव्या धंद्याचा रोख प्रवाह वरती जोडलात आणि भाजक जुनाच ठेवलात, तर ब्लिंकिट तुम्हाला फुकट मिळाले. कर्मचाऱ्यांच्या शेअरचेही तसेच. कंपनीचा समायोजित एबिटा हा खर्च वगळतो, रोख प्रवाहाच्या पत्रकातही तो परत मिळवला जातो, पण 2023-24 मध्ये तो 500 कोटींच्या वर होता. तो खर्च म्हणून वजा करा किंवा पुढच्या शेअरची संख्या वाढवा. दोन्ही टाळणे मात्र हिशेबात बसत नाही.

त्याच वर्षीचा नफाही जवळून बघण्यासारखा आहे. 2023-24 मध्ये कंपनीने 351 कोटी निव्वळ नफा दाखवला आणि ‘पहिला वार्षिक नफा’ म्हणून त्याच्या बातम्या झाल्या. इतर उत्पन्न मात्र 847 कोटी होते. आयपीओतून आलेला आणि गुंतवून ठेवलेला पैसा व्याज देत होता, धंदा अजून तोट्यातच होता. निव्वळ नफ्यापासून रोख प्रवाह बांधायला घेतला आणि शेवटी हातातली रोकडही वेगळी जोडली, तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. म्हणून सुरुवात परिचालन नफ्यापासून करायची, इतर उत्पन्न बाजूला ठेवायचे आणि रोकड एकदाच, शेवटी जोडायची.

ब्लिंकिट आल्यावर भाड्याचाही प्रश्न आला. जेवण पोचवणाऱ्या कंपनीला दुकाने लागत नाहीत, दहा-वीस मिनिटांत किराणा पोचवणाऱ्याला शेकडो डार्क स्टोअर लागतात. एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या इंड एएस 116 नुसार दीर्घ भाडेकराराचे भाडे परिचालन खर्चात दिसत नाही. ते घसारा आणि व्याज होऊन बसते आणि पत्रकात त्याची रोख परतफेड वित्तपुरवठ्याच्या भागात, अगदी खाली जाते. परिचालन रोख प्रवाहातून फक्त भांडवली खर्च वजा करणाऱ्याला दुकानांचे भाडे लागतच नाही. म्हणजे जितकी दुकाने उघडाल तितका फ्री कॅश फ्लो देखणा. कंपनी स्वतः समायोजित एबिटा काढताना भाडे वजा करते, हे तिच्या श्रेयाला लिहायला हवे. काही ब्रोकरेज अहवालांत मात्र तेवढीही काळजी दिसली नाही.

2025 मध्ये गणित आणखी बदलले. जून तिमाहीत झटपट किराण्याची निव्वळ ऑर्डर-रक्कम पहिल्यांदाच जेवणाच्या ऑर्डर-रकमेपेक्षा जास्त झाली. मे महिन्यात भागधारकांनी परकी मालकीवर 49.5 टक्क्यांची मर्यादा मंजूर केली, ज्यामुळे ब्लिंकिटला माल स्वतःच्या नावावर ठेवता येतो. 2021 च्या भाकितात 22 टक्के हाती येणारे कमिशन होते. माल स्वतःचा असला की विक्रीची पूर्ण रक्कम महसूल म्हणून दिसते, नफ्याचे प्रमाण आपोआप घसरते आणि गोदामातल्या साठ्यात पैसा अडकतो. पूर्वी उपाहारगृहांचे पैसे काही दिवस हाती राहात, म्हणजे वाढीबरोबर खेळते भांडवल सुटत असे. आता त्याच वाढीला खेळते भांडवल पुरवावे लागेल. महसूल वाढला म्हणून जुने प्रमाण त्यावर लावणारा तक्ता दोन्ही बाजूंनी फसेल.

म्हणून आज या कंपनीचा अहवाल लिहिणाऱ्याला दोन वेगळे तक्ते करावेच लागतात. जेवणाच्या तक्त्यात 2031 हे शेवटचे वर्ष धरायला हरकत नाही, कारण तो धंदा 2025 मध्ये बारा-पंधरा टक्क्यांच्या वाढीवर उतरू लागला होता आणि त्याची गुंतवणुकीची भूक कळली आहे. किराण्याच्या तक्त्यात ते वर्ष फार लवकरचे आहे. दुकाने अजून वाढत आहेत, स्विगीची इन्स्टामार्ट आणि झेप्टो सवलती ओतत आहेत, आणि एका स्थिर दुकानावर खरा परतावा किती हे भाडे व साठा धरून अजून ठरलेले नाही. तो आकडा 12 निघतो की 20, यावर वरच्या हिशेबातले 28 आणि 39 यांच्यातले अंतर ठरेल.