गाडी भरली, फाटक बंद

समजा, जानेफळच्या एका कृषी केंद्राने सोयाबीन बियाण्याच्या ४० पिशव्या मागवल्या आणि माल अकोल्याच्या गोदामातून निघणार आहे. सॅपमध्ये VL01N वर डिलिव्हरी तयार झाली. पण लक्षात घ्या, साठा अजून तेवढाच आहे. ४० पिशव्या फक्त या गिऱ्हाईकासाठी राखल्या गेल्या.

आता माणूस माल काढायला जातो. ३६ चांगल्या मिळतात, ४ ओल्या निघतात. मग पिकिंगच्या रकान्यात ३६च भरायचे. घाईत ४० टाकून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात, आणि तिथेच बिल चुकतं. VL02N मध्ये डिलिव्हरीही ३६ वर आणायची, नाहीतर सिस्टीम पुढे जाऊ देत नाही. अर्धवट माल चालत असेल, तर उरलेल्या ४ ऑर्डरवर बाकी राहतात. पॅकिंग म्हणजे कोणत्या गठ्ठ्यात काय, याची नोंद. सुट्या पिशव्यांना बहुधा तिची गरज नसते.

खरा क्षण 'पोस्ट गुड्स इश्यू'चा. ते बटण दाबलं की साठा ३६ ने घटतो आणि डिलिव्हरी VF04 च्या बिलाच्या यादीत येते. आदल्या रात्रीच दाबून ठेवलं आणि गाडी आलीच नाही, तर माल गोदामात पडलेला, खात्यात मात्र गेलेला! उशीरही चालत नाही, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे माल हलण्याआधी किंवा हलताना बिल हवं. म्हणून गाडी भरून झाली, फाटक अजून बंद आहे, तेव्हाच दाबायचं. चुकून आधी दाबलं गेलं, तर VL09 ने उलटवता येतं. मात्र बिल निघालेलं असेल तर ते आधी VF11 ने रद्द करावं लागतं.