बारा आकड्यांतली निवड

आयल्ट्सच्या ॲकॅडेमिक परीक्षेत लेखनाचा पहिला प्रश्न बहुधा आलेखाचा किंवा तक्त्याचा असतो. साधारण 20 मिनिटांत किमान 150 शब्द लिहायचे असतात. इंग्रजी चांगलं असलेली मुलंही इथे गुण घालवतात, कारण दिसेल तो प्रत्येक आकडा उत्तरात यायलाच हवा असं त्यांना वाटतं. प्रश्नात मात्र मुख्य गोष्टी निवडून सांगा आणि आवश्यक तिथे तुलना करा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

एक काल्पनिक आलेख घेऊ. एका शहरातले लोक कामावर कशाने जातात, याचे 1990, 2000, 2010 आणि 2020 या वर्षांचे टक्के दिले आहेत. बस 50, 48, 35, 25. मोटार 20, 28, 38, 40. सायकल 15, 15, 14, 15. हे बारा आकडे वर्षवार उतरवले तर व्याकरण निर्दोष असूनही शहरात नेमकं काय बदललं, ते वाचणाऱ्याला कळत नाही.

म्हणून लिहिण्याआधी दोन मिनिटं नुसत्या रेषा पाहाव्यात. बसचा वाटा निम्म्यावर आला, मोटारीचा दुप्पट झाला आणि मोटारीने पहिली जागा घेतली. सायकल होती तिथेच राहिली. हा झाला आढावा. तो प्रस्तावनेनंतर लगेच, आकडे न घालता दोन वाक्यांत लिहावा. परीक्षक ज्या निकषांवर गुण देतात, त्यांत सातच्या बँडसाठी स्पष्ट आढावा अपेक्षित आहे. आढावा नाही आणि आकडे यांत्रिकपणे मांडलेत, हे पाचच्या बँडचं लक्षण मानलं जातं.

आता आकडे निवडायचे ते या आढाव्याला आधार देणारे. बस आणि मोटार यांची सुरुवात आणि शेवट हवाच. बसचा 2000 सालचा 48 हा आकडाही मी ठेवेन, कारण खरी घसरण त्यानंतर सुरू झाली हे त्यावरूनच कळतं. 2010 मध्ये मोटार 38 आणि बस 35, म्हणजे मोटार तोवर पुढे गेली होती, तेही सांगावं. सायकलला मात्र ‘15 टक्क्यांच्या आसपास’ एवढं पुरे. तिथला 14 सोडून दिला तरी काही बिघडत नाही.

एक चूक फार वेळा दिसते. मोटारीचा वाटा 20 वरून 40 टक्क्यांवर गेला, की ‘20 टक्क्यांनी वाढला’ असं लिहिलं जातं. वाढ 20 पर्सेंटेज पॉइंटची आहे. टक्क्यांत ती 100 टक्के होते. घोळ टाळायचा तर सरळ ‘दुप्पट झाला’ म्हणावं. शिवाय पेट्रोल, प्रदूषण, वाढते पगार अशी कारणं देण्याचा मोह आवरावा. ती आलेखात नसतात, त्यामुळे उत्तरातही नकोत.