हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झाला, आता कुठला विभाग? पहिल्या पगारापेक्षा पाच वर्षांचा हिशेब महत्त्वाचा

निपाणी : हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा पूर्ण करून निपाणी, चिकोडी, बेळगाव परिसरातील मुले-मुली नोकरीसाठी गोवा, पुणे, बंगळूरची वाट धरतात. मुलाखतीला गेल्यावर विचारले जाते, किचन, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग की सर्व्हिस? बहुतेक जण ज्याचा आकडा मोठा, त्याला हो म्हणतात. पण चारही विभागांत पगार वाढण्याची पद्धत वेगळी आहे आणि खरा फरक पुढे तिथेच पडतो.

किचन की सर्व्हिस?

समजा, गोव्यातील एका हॉटेलात एकाच तरुणाला दोन जागा मिळत आहेत. सर्व्हिसमध्ये स्टुअर्ड म्हणून १५ हजार आणि किचनमध्ये कॉमी म्हणून १४ हजार. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत.) सीझनच्या सहा महिन्यांत टिप महिन्याला ५ हजार आणि उरलेल्या सहा महिन्यांत दीड हजार धरली, तर स्टुअर्डची वर्षाची कमाई २ लाख १९ हजार होते. कॉमीची होते १ लाख ६८ हजार. म्हणजे पहिल्या वर्षी सर्व्हिस ५१ हजारांनी पुढे.

आता पाच वर्षांनंतरचे बघू. किचनमध्ये कॉमी थ्री, टू, वन, मग डेमी सीडीपी आणि सीडीपी अशी शिडी असते. वरच्या पायरीसाठी बऱ्याचदा दुसऱ्या हॉटेलात जावे लागते आणि तिथे शेफ पदार्थ करायला लावून हात तपासतो. पाच वर्षांत चार पायऱ्या चढल्या आणि प्रत्येक वेळी २० टक्के वाढ मिळाली, तर १४ हजारांचे २९ हजार होतात. स्टुअर्ड त्याच पदावर राहिला आणि दरवर्षी ७ टक्के वाढ मिळाली, तर पगार २१ हजार. त्यात टिपेचे महिन्याला सरासरी सव्वातीन हजार धरले तरी सव्वाचोवीसच होतात.

म्हणून सर्व्हिस वाईट असे नाही. तिथे दोन-तीन वर्षांत कॅप्टन व्हायला हवे, म्हणजे ऑर्डर घेणे, मेनू समजावणे, बँक्वेटचा हिशेब सांभाळणे जमायला हवे. नुसत्या टिपेवर थांबलेला माणूस मागे पडतो. टिपेवर पीएफ कापला जात नाही, ती सॅलरी स्लिपवर दिसत नाही आणि पुढचे हॉटेल पगार ठरवताना ती धरत नाही. सर्व्हिस चार्जचा वाटाही पक्का समजू नये. बिलात तो आपोआप लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

किचनचीही एक अडचण आहे. एकाच सेक्शनवर, उदाहरणार्थ फक्त तंदूरवर, दोन-तीन वर्षे अडकलेल्या मुलाला बाकीचे काम येत नाही आणि दुसरीकडे हात तपासताना तो मागे राहतो. वर्षभरात सेक्शन बदलला नाही, तर शेफकडे विषय काढावा.

फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग

मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलणाऱ्या सीमाभागातील मुलांना फ्रंट ऑफिसमध्ये फायदा होतो. पण तक्रारीला इंग्रजीत ई-मेलने उत्तर देता आले नाही, तर चेक-इन काउंटरच्या पुढे जाता येत नाही. रात्रपाळीचे नाइट ऑडिट अनेक जण टाळतात, पण दिवसाचा सगळा हिशेब तिथेच मिटवला जात असल्याने ते मागून घ्यावे. रिझर्व्हेशन आणि खोल्यांचे दर ठरवणाऱ्या रेव्हेन्यू विभागाकडे जाण्याची वाट तिथून सोपी होते.

हाउसकीपिंग म्हणजे झाडूपोछा, असे म्हणून घरचेच नको म्हणतात. एका पाळीत डझनाहून अधिक खोल्या कराव्या लागतात आणि कंबरेवर ताण येतो, हे खरे. पण इच्छुक कमी असल्याने डिप्लोमाधारकाला सुपरवायझर होण्याची संधी लवकर मिळू शकते. शिवाय हेच काम मोठ्या हॉस्पिटलांत आणि मॉलमध्येही लागते, त्यामुळे बेळगाव-कोल्हापुरात, घराजवळ परतण्याचा पर्याय राहतो. मात्र रूम अटेंडंट म्हणून रुजू होताना सुपरवायझरची जागा कधी आणि कशावर मिळेल, हे विचारून घ्यावे.

सही करण्यापूर्वी

ऑफरमधला १६ हजारांचा आकडा हातात तेवढा पडत नाही. मूळ पगार १० हजार असेल, तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,२०० रुपये आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १२० रुपये जातात. उरतात १४,६८०. त्यातून खोली आणि जेवणाचे पैसे कापणार का, हे आधी विचारावे. ऑफर लेटरवर पदाचे नाव काय आहे, तेही बघावे. 'ट्रेनी' लिहिले असेल, तर कायम कधी करणार, हे लेखी घ्यावे. नाहीतर वर्षभर काम करूनही पुढच्या मुलाखतीत तो फ्रेशरच ठरू शकतो.