सोळा आकडे, ५९२ चिठ्ठ्या

१९७४ साली रोनाल्ड स्नी या संख्याशास्त्रज्ञाने ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात एक छोटासा तक्ता दिला. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या ५९२ विद्यार्थ्यांच्या पाहणीत कोणाचे केस कोणत्या रंगाचे आणि डोळे कोणत्या रंगाचे, याची ती मोजदाद होती. बेरजांसकट तो तक्ता असा:

| केस | तपकिरी डोळे | निळे | हेझल | हिरवे | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| काळे | ६८ | २० | १५ | ५ | १०८ |
| तपकिरी | ११९ | ८४ | ५४ | २९ | २८६ |
| लाल | २६ | १७ | १४ | १४ | ७१ |
| सोनेरी | ७ | ९४ | १० | १६ | १२७ |
| एकूण | २२० | २१५ | ९३ | ६४ | ५९२ |

समजा, असा तक्ता तुमच्यापुढे जुन्या अहवालाच्या स्कॅन केलेल्या पानावर आहे. मूळ प्रश्नावल्या कुठे गेल्या, कोणाला ठाऊक नाही. पण तुमच्या विश्लेषणाला मात्र दर माणशी एक ओळ हवी आहे. मग आकड्यांवरून माणसं परत उभी करायची. ती करता येतात. किती आणि कुठवर, एवढंच बघायचं.

पहिलं काम स्कॅन वाचण्याचं, आणि खरी जोखीम इथेच असते. इंग्रजी छापातला ८ पुसट झाला की संगणक त्याला ३ समजतो. मराठी अहवालात हाच घोळ १ आणि ९ मध्ये होऊ शकतो. इथे बेरजा उपयोगी पडतात. तपकिरी केस आणि निळे डोळे या घरातले ८४ चुकून ३४ वाचले गेले, तर तपकिरी केसांच्या आडव्या ओळीत ५० कमी पडतील आणि निळ्या डोळ्यांच्या उभ्या रकान्यातही बरोबर ५०च कमी पडतील. ती ओळ आणि तो रकाना जिथे एकमेकांना छेदतात, तिथेच चूक आहे. पान पुन्हा पाहून दुरुस्ती करायची. बेरीज जुळावी म्हणून आकडा मनाने भरायचा नाही.

दुसरं काम तक्ता लांब करण्याचं. चार बाय चारच्या चौकोनाऐवजी सोळा ओळी लिहायच्या आणि प्रत्येक ओळीत केस, डोळे आणि संख्या एवढंच ठेवायचं. ‘एकूण’ची ओळ आणि रकाना इथे गाळायचा. घाईत तो राहून गेला तर पुढे माणसांची संख्या ५९२ न येता २,३६८ येते, म्हणजे नेमकी चौपट: एकदा घरांची बेरीज, एकदा ओळींची, एकदा रकान्यांची आणि एकदा कोपऱ्यातली. नोंदी चौपट आल्या की कारण शोधत बसावं लागत नाही.

आता विस्तार. सोनेरी केस आणि निळे डोळे यांची संख्या ९४ आहे, तेव्हा ती ओळ ९४ वेळा लिहायची. काळे केस, हिरवे डोळे ही ओळ पाच वेळा. ‘आर’ या संगणकीय भाषेत एवढं पुरतं:

```
d <- read.csv("snee.csv")   # kes, dole, n
r <- d[rep(seq_len(nrow(d)), d$n), c("kes", "dole")]
nrow(r)
table(r$kes, r$dole)
```

तिसऱ्या ओळीने ५९२ हे उत्तर दिलं पाहिजे. चौथी ओळ नोंदींवरून तक्ता पुन्हा बांधते. रंगांचा क्रम वर्णानुक्रमे बदललेला दिसेल, पण सोळाही आकडे छापील पानाशी जुळले पाहिजेत. हा परतीचा ताळा जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

एवढा खटाटोप कशासाठी? कल्पना करा की ५९२ चिठ्ठ्या आहेत आणि प्रत्येकीवर एक केसांचा व एक डोळ्यांचा रंग आहे. डोळ्यांचे रंग सगळ्या चिठ्ठ्यांमध्ये पिसून पुन्हा वाटले आणि सोनेरी केस, निळे डोळे अशा किती जोड्या निघाल्या ते मोजलं. दोन्ही रंगांचा एकमेकांशी संबंधच नसता तर सरासरी ४६ जोड्या निघाल्या असत्या (१२७ गुणिले २१५, भागिले ५९२). हजारदा पिसलं तरी बहुतेक वेळा आकडा ३६ ते ५६ च्या आसपास राहतो. प्रत्यक्षात आहे ९४. म्हणजे हा योगायोग नव्हे, हे कुठलंही सूत्र न घोकता समजतं. पण पिसण्यासाठी हाती चिठ्ठ्या हव्यात, नुसता तक्ता पुरत नाही.

पिसण्याआधी एक सावधगिरी. विस्तारातल्या नोंदींच्या क्रमाला काहीही अर्थ नसतो. आपल्या फाइलमध्ये पहिले १०८ जण काळ्या केसांचे निघतील, कारण तक्त्यात ती ओळ वर आहे. नमुना म्हणून कोणी ‘पहिले शंभर’ उचलले, तर त्याच्या लेखी डेलावेअरमध्ये सगळेच काळ्या केसांचे.

आता मर्यादा. आपण मराठीत निळे, हेझल, हिरवे असे सगळेच डोळे ‘घारे’ म्हणून मोकळे होतो. तसं केलं तर ३७२ घारे आणि २२० तपकिरी असा सोपा तक्ता होतो. पण कोणी तुम्हाला एवढाच तक्ता दिला, तर ३७२ मधून निळे वेगळे काढता येणार नाहीत. अहवालात आकड्यांऐवजी पूर्ण टक्के छापले असतील तरी तेच. सोनेरी केस आणि तपकिरी डोळ्यांचे सात जण ‘१ टक्का’ होतात, आणि ५९२ चा १ टक्का म्हणजे तीनपासून आठपर्यंत कोणताही आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या अहवालांत तर टक्के भारांकन करून काढलेले असतात. त्यांवरून माणसं उभी करू नयेत, त्यांच्या मूळ नोंदी संशोधकांना मागून मिळतात.

सर्वांत फसवा मोह दोन तक्ते जोडण्याचा. समजा, सोनेरी केसांच्या १२७ जणांत ८१ मुली आहेत असं दुसरीकडे छापलेलं आहे. मग सोनेरी केस आणि निळे डोळे असलेल्या ९४ जणांत मुली किती? निळे डोळे नसलेले सोनेरी केसांचे ३३ जण आहेत. ते सगळे मुली धरले तर ९४ मध्ये ४८ मुली उरतात, एकही नसेल तर ८१. दोन्ही तक्ते ४८ ते ८१ मधल्या प्रत्येक आकड्याशी जुळतात. संगणक मात्र त्यातला एक निवडून ठामपणे लिहून देईल.

हे उदाहरण काल्पनिक वाटेल, पण ८१ हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. ‘आर’ भाषेसोबत `HairEyeColor` नावाचा तक्ता येतो. त्यात हेच ५९२ विद्यार्थी २७९ मुलगे आणि ३१३ मुली असे विभागलेले आहेत, आणि सोनेरी केस व निळे डोळे असलेल्या मुली ६४ दिल्या आहेत. ही विभागणी स्नी यांची नाही. मायकेल फ्रेंडली यांनी १९९२ मध्ये ती शिकवण्याच्या सोयीसाठी घातली, असं त्या तक्त्याच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. मदतपान न उघडता तक्ता विस्तारला की ५९२ ओळी मिळतात आणि प्रत्येकीत केस, डोळे आणि लिंग. तिन्ही रकाने सारखेच खरे दिसतात.

म्हणून अशा फाइलला ‘मूळ नोंदी’ असं नाव देऊ नका. ‘तक्त्यावरून विस्तारित’ असं लिहा, पानाचा क्रमांक द्या आणि प्रत्येक रकाना कुठून आला ते नोंदवा. ओळी ५९२ झाल्या, तरी स्नी यांच्या तक्त्यातून आपल्याला मिळाले ते सोळाच आकडे.